१७३ मीटरचा हिशेब

बोत्सवानातल्या ओकावांगोच्या गवताळ प्रदेशात एक चित्ता इम्पालाच्या कळपाकडे दबकत जातो, झेप घेतो, धावतो आणि थांबतो. हे सगळं इतक्या लवकर संपतं की दुर्बीण लावून बसलेल्या माणसाला बहुतेक वेळा सुरुवात तरी दिसते, नाहीतर शेवट. थांबल्यावर मात्र तो चांगला दिसतो. तोंड उघडं, बरगड्या खालीवर होतायत, आणि शिकार पायाशी पडलेली असली तरी बराच वेळ तिला तोंडही लावत नाही. जमिनीवरचा सगळ्यात वेगवान प्राणी दोनशे मीटरही न धावता असा का होतो, हा या प्रकरणाचा प्रश्न. शाळेच्या पुस्तकातून आणि माहितीपटांतून आपल्याला याचं एक ठरलेलं उत्तर मिळालेलं असतं: त्याचं अंग तापतं, म्हणून तो थांबतो. हे उत्तर चुकीचं ठरलं आहे, आणि ते का चुकीचं आहे हे पाहताना खरं उत्तर हाती लागतं.

आधी मोजमापाकडे जाऊ. चित्त्याच्या वेगाचे ११२, १२० असे आकडे सगळीकडे फिरतात, पण त्यातले बहुतेक नीट मोजलेले नाहीत. १९६५ साली केनियात एका पाळीव चित्त्याला सुमारे २०१ मीटरच्या मोजलेल्या पट्ट्यावर पळवून घड्याळ लावलं गेलं, तेव्हा सरासरी ताशी १०४ किलोमीटरच्या आसपास भरली. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी प्राणिसंग्रहालयातल्या सारा नावाच्या मादीने १०० मीटर ५.९५ सेकंदांत कापले. उसेन बोल्टला त्याच अंतराला ९.५८ सेकंद लागले होते. पण या दोन्ही धावा सपाट, सरळ वाटेवरच्या, समोर आमिष ओढलेलं असतानाच्या. रानातला चित्ता शिकार करताना नेमकं काय करतो, हे त्यांतून कळत नाही.

ते कळलं २०१३ मध्ये. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजातले ॲलन विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोत्सवानातल्या पाच रानटी चित्त्यांच्या गळ्यात खास बनवलेल्या कॉलर घातल्या होत्या. कॉलरमध्ये जीपीएस होतं, हालचाल टिपणारे सेन्सर होते आणि बॅटरीला जोड म्हणून सौर पट्ट्या होत्या. चित्ता दिवसाचा बहुतेक वेळ झोपून किंवा बसून काढतो, त्यामुळे कॉलरही तेवढा वेळ पेंगत असे. प्राण्याने झेप घेतली की ती खडबडून जागी होई आणि सेकंदाला पाच वेळा त्याची जागा टिपू लागे. दीड वर्षाच्या आतबाहेर अशा ३६७ धावा नोंदल्या गेल्या.

सगळ्यात वेगवान धाव ताशी ९३ किलोमीटरची निघाली. पण मला या अभ्यासातला खरा धक्का दुसऱ्याच आकड्यात दिसतो. प्रत्येक धावेतला कमाल वेग काढून त्यांची सरासरी घेतली, तर ती ताशी ५३ किलोमीटरच भरली, म्हणजे महामार्गावरच्या एसटीएवढीसुद्धा नाही. धावेचं सरासरी अंतर १७३ मीटर. चारांतली जेमतेम एक धाव शिकारीत संपत होती. यशस्वी आणि फसलेल्या धावांमध्ये फरक कशात होता? कमाल वेगात नव्हता. यशस्वी धावांमध्ये चित्ता जास्त कचकचून ब्रेक लावत होता.

म्हणजे चित्त्याच्या अंगात जे काही आहे, ते फक्त वेगासाठी नाही, वेग झटक्यात बदलण्यासाठी आहे. एका ढांगेत तो आपला वेग सेकंदाला ३ मीटरने, म्हणजे ताशी जवळपास ११ किलोमीटरने वाढवू शकतो आणि एका ढांगेत त्याहूनही जास्त कमी करू शकतो. मांजरांची नखं म्यानात लपतात. चित्त्याची पूर्ण झाकली जात नाहीत, ती धावताना जमिनीत रुततात. लांब, जड शेपूट वळताना तोल सांभाळते. पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो, त्यामुळे एका ढांगेत सहा-सात मीटर अंतर मागे पडतं आणि त्या एका ढांगेत चारही पाय दोनदा हवेत असतात. हे सगळं आपण चित्रांत पाहिलेलं असतं. पण नखं, शेपूट आणि कणा ही झाली गाडीची चाकं नि सांगाडा. इंजिनाचं काय?

विल्सन यांच्या कॉलरनी त्याचाही अंदाज दिला. वेग वाढवण्याच्या ऐन क्षणी चित्ता शरीराच्या दर किलोमागे १२० वॉटपर्यंत शक्ती लावतो. बोल्टसाठी हाच आकडा २५ च्या आसपास होता, शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यासाठी ६०. चित्त्याचं वजन ५० किलो धरलं, तर १२० ने गुणून सहा हजार वॉट होतात, म्हणजे आठ अश्वशक्ती. विहिरीवर साडेसात एचपीची मोटर बसवलेला शेतकरी हे ऐकून लगेच विचारेल, की एवढ्याशा जनावराला एवढा करंट कुठून मिळतो? प्रश्न अगदी बरोबर आहे. सगळं प्रकरण तिथेच अडकलेलं आहे.

स्नायूला शक्ती मिळण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली ऑक्सिजनची. फुप्फुसांनी हवा घ्यायची, हृदयाने रक्त ढकलायचं, स्नायूंतल्या मायटोकाँड्रियांनी इंधन जाळायचं. ही वाट टिकाऊ आहे, पण अरुंद आहे. दर मिनिटाला जेवढा ऑक्सिजन पोचेल तेवढीच शक्ती मिळणार. दुसरी वाट ऑक्सिजनची वाट न पाहणारी. स्नायूत आधीपासून साठवलेली एटीपी आणि फॉस्फोक्रिएटिन ही तयार ऊर्जेची रसायनं खर्चायची, आणि स्नायूतलाच साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, ऑक्सिजनविना झटपट मोडायचा. ही वाट रुंद आहे, पण साठा थोडा. फॉस्फोक्रिएटिन काही सेकंदांतच आटत येतं.

चित्ता पहिल्या वाटेने ही शक्ती मिळवत असणं शक्य आहे का, हे आकडेमोड करून पाहता येतं. त्यासाठी ऑक्सिजन वापरण्यात जगात सर्वात पटाईत असलेल्या धावपटूंपैकी एक घेऊ. उत्तर अमेरिकेच्या माळरानावर प्राँगहॉर्न नावाचा हरणासारखा दिसणारा प्राणी आहे. १९९१ मध्ये त्याला ट्रेडमिलवर पळवून मोजलं, तेव्हा तो दर किलोमागे मिनिटाला सुमारे ३०० मिलिलिटर ऑक्सिजन वापरत होता. तेवढ्याच आकाराच्या शेळीच्या जवळपास पाचपट. एक मिलिलिटर ऑक्सिजनमागे साधारण २० ज्यूल ऊर्जा मोकळी होते. मिनिटाला ३०० म्हणजे सेकंदाला ५ मिलिलिटर, म्हणजे दर किलोला १०० वॉट. यातला चौथा हिस्सा प्रत्यक्ष कामाला लागतो, बाकीची उष्णता होते. राहिले २५ वॉट. निसर्गातल्या सर्वोत्तम फुप्फुस-हृदयाच्या जोडीला जे २५ जमतं, तिथे चित्ता १२० काढतो. अर्थात त्या क्षणी तो श्वासावर चालत नसतो. तो साठ्यावर चालतो.

त्याचे स्नायूही याच वाटेसाठी घडलेले आहेत. कोंबडी कापताना हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं: तंगडीचं मांस गडद, छातीचं फिकट. कोंबडी दिवसभर चालते, म्हणून तंगडीत ऑक्सिजनवर चालणारे, हळू पण न थकणारे तंतू जास्त. छातीचा उपयोग क्वचित, एकदम फडफडून उडण्यापुरता, म्हणून तिथे झटपट आकसणारे आणि झटपट थकणारे तंतू. चित्त्याच्या मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूचे नमुने तपासले, तेव्हा त्यातले ८० टक्क्यांहून अधिक तंतू या दुसऱ्या, जलद प्रकारचे निघाले. ऑक्सिजनविना ग्लायकोजेन मोडणारी विकरं त्यांत भरपूर होती. असा स्नायू प्रचंड ताकद देतो, आणि त्याच कारणाने तो फार वेळ देऊ शकत नाही. एका तंतूत किती जागा आकसणाऱ्या धाग्यांना द्यायची आणि किती मायटोकाँड्रियांना, हे वाटप ठरलेलं असतं. एकाला दिली की दुसऱ्याची कमी होते. चित्त्याचं दमणं हा त्याच्या वेगाला लागलेला डाग नाही, तो त्याच वाटपाचा उरलेला भाग आहे.

दमणं म्हणजे स्नायूत नेमकं काय होतं? फॉस्फोक्रिएटिन मोडल्यावर सुटं फॉस्फेट साचतं, ग्लायकोजेन घाईने मोडल्यामुळे आम्लता वाढते, आणि तंतूची ओढ प्रत्येक आकसण्यागणिक कमकुवत होत जाते. लॅक्टिक आम्लामुळे पाय भरून येतात असं व्यायामशाळेत अजून सांगतात. गोष्ट तेवढी सरळ नाही, पण साठा आटतो आणि त्याचा गाळ साचतो, एवढं चित्र बरोबर आहे. नंतरची धाप त्या गाळाची आहे. उसना घेतलेला खर्च आता ऑक्सिजनने फेडायचा असतो, आणि चित्त्याची ऑक्सिजनची वाट काही प्राँगहॉर्नची नाही.

मग तापण्याची गोष्ट आली कुठून? १९७३ मध्ये हार्वर्डमध्ये टेलर आणि राउंट्री यांनी दोन चित्त्यांना ट्रेडमिलवर पळवलं. त्यांच्या शरीराचं तापमान ४०.५ ते ४१ अंशांवर पोचलं की ते पुढे पळायला तयार होत नसत. धावताना तयार होणारी बहुतेक उष्णता ते बाहेर टाकत नव्हते, अंगातच साठवत होते. यावरून तर्क निघाला की रानातही चित्ता याच कारणाने पाठलाग सोडत असणार. प्रयोग चांगला होता, तर्कात मात्र एक फट राहिली. ट्रेडमिलवरचे चित्ते शिकारीच्या मानाने खूपच सावकाश, पण कितीतरी जास्त वेळ पळत होते. रानातली धाव काही सेकंदांची.

हेही हिशेबाने पाहू. ५० किलोचा चित्ता ताशी ९० किलोमीटर वेग गाठतो, तेव्हा त्याच्या अंगात साधारण १६ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. चौथाच हिस्सा कामाचा, म्हणजे ती मिळवायला ६४ किलोज्यूल खर्च, त्यातली ४८ उष्णता. दोनशे मीटर पाय हलवत राहण्याचा खर्च आणखी ५० धरू, तो जवळजवळ सगळाच उष्णतेत जातो. शेवटी ब्रेक लावताना ते १६ किलोज्यूलही उष्णतेतच जमा. बेरीज ११४. पन्नास किलोचं शरीर एक अंशाने तापवायला साधारण १७५ किलोज्यूल लागतात. म्हणजे सगळी उष्णता अंगात कोंडली तरी तापमान पाऊण अंशानेही चढत नाही. ही उष्णता आधी पायांच्या आणि पाठीच्या स्नायूंतच असते, हे खरं. पण ती २० किलो स्नायूंत अडकून राहिली असं मानलं तरी वाढ दीड अंशाच्या आसपास थांबते. आणि एकूण ऊर्जा पाहा: ११४ किलोज्यूल म्हणजे २७ किलोकॅलरी, चतकोर भाकरी. चतकोर भाकरीने कोणी तापत नाही आणि तेवढी खर्च झाली म्हणून कोणी उपाशीही पडत नाही. चित्त्याला दमवणारी गोष्ट ऊर्जेचं प्रमाण नाही, ती खर्च करण्याचा झपाटा आहे.

माझा हिशेब ढोबळ आहे, पण प्रत्यक्ष मोजमाप त्याच्या बाजूने आहे. दक्षिण आफ्रिकेच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठातल्या रॉबिन हेटेम आणि सहकाऱ्यांनी नामिबियात मोकळ्या हिंडणाऱ्या चार चित्त्यांच्या शरीरात तापमान टिपणारी छोटी यंत्रं बसवली. दर मिनिटाला नोंद. २०१३ मध्ये निकाल आला: पाठलाग संपला त्या क्षणी चित्त्यांचं तापमान सरासरी ३८.४ अंश होतं. अगदी नेहमीचं. तापून कोणीही थांबलेलं नव्हतं.

तापमान चढलं, पण नंतर. शिकार फसली तर अर्ध्या अंशाने, साधली तर १.३ अंशाने. धावपळ दोन्हीकडे सारखीच, मग हा फरक का? संशोधकांचं म्हणणं असं की ही धावण्याची उष्णता नाही, ताणाची आहे. शिकार हाती आली की चित्त्याची खरी भीती सुरू होते. आता कुठूनही सिंह, बिबट्या किंवा तरस येईल आणि तो स्वतः यावेळी दमलेला, झुंजायला निरुपयोगी. मान वर करून तो सतत चौफेर पाहत असतो. आपण दुरून पाहतो आणि म्हणतो, बघा कसा तापलाय. तो तापलेला असतो, पण भीतीने. हे वाचल्यापासून धापा टाकणाऱ्या चित्त्याचं कुठलंही चित्रीकरण मला पूर्वीसारखं पाहता आलेलं नाही.

आता शेजारी दुसरे धावपटू उभे करू. प्राँगहॉर्नचा उल्लेख आलाच आहे. तो कमाल वेगात चित्त्याच्या जवळपास जातो, आणि ताशी ६५ किलोमीटरच्या आसपासचा वेग दहा मिनिटं धरून ठेवल्याच्या नोंदी आहेत. त्याच्या शरीरात कुठलीही नवी युक्ती सापडली नाही. शेळीकडे जे आहे तेच त्याच्याकडे, फक्त सगळंच जास्त: मोठी फुप्फुसं, मोठं हृदय, स्नायूंत जास्त मायटोकाँड्रिया. त्याने सगळी पुंजी श्वासाच्या वाटेवर लावली. चित्त्याला अशा पुंजीचा उपयोग नाही. पाठलाग पंधरा-वीस सेकंदांच्या पुढे गेला तर सावज तसंही निसटलेलं असतं, आणि उरलेला दिवस ते मोठं हृदय नुसतं पोसावं लागलं असतं.

ग्रेहाउंड मधला. इंग्लंडमधल्या त्याच्या शर्यती ४८० मीटरच्या आसपासच्या असतात आणि तो त्या अर्ध्या मिनिटाच्या आत, वेग फारसा न सोडता पुऱ्या करतो. २०१२ मध्ये विल्सन यांच्याच गटाने प्राणिसंग्रहालयातले चित्ते आणि शर्यतीचे ग्रेहाउंड यांना सारख्याच प्रकारे आमिषामागे पळवलं. ग्रेहाउंड पुढे निघाले! चित्ते ताशी ६४ किलोमीटरपर्यंत, कुत्रे ६८ पर्यंत. पण धावण्याची पद्धत वेगळी होती. ग्रेहाउंड सगळ्या वेगांना ढांगांची गती जवळपास एकच ठेवत होता, सेकंदाला साडेतीन. चित्ता सावकाश असताना अडीचच्याही खाली आणि वेग वाढेल तशा तीनच्या वर नेत होता. त्याच्याकडे अजून एक गियर शिल्लक होता, तो त्याने टाकला नाही. ज्यांनी कधी जिवंत सावज पकडलेलंच नाही, त्यांनी तो का टाकावा?

आपल्याकडच्या जुन्या शिकारखान्यांना ही गोष्ट चांगली ठाऊक होती. पिंजऱ्यात जन्मलेलं किंवा लहानपणी पकडलेलं पिल्लू त्यांना नको असे. आईपाठी शिकार शिकलेला, मोठा झालेला चित्ता जाळ्यात धरायचा आणि मग माणसाळवायचा, हीच रीत होती. कोल्हापूर संस्थानात विसाव्या शतकातही शिकारीसाठी चित्ते ठेवले जात. देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर ते आफ्रिकेतून आणले जात. त्यांना सांभाळणारे ते चित्तेवान.

शिकारीची पद्धत पाहिली तर सगळा हिशेब तिथे आधीच मांडलेला दिसतो. चित्त्याला डोळे झाकणारी टोपी घालून बैलगाडीवर बसवायचं. काळवीट माणसाला बिचकतात, पण रानात रोज दिसणाऱ्या बैलगाडीला तेवढे बिचकत नाहीत, म्हणून गाडी वळणं घेत घेत कळपाच्या जवळ न्यायची. टोपी लवकर काढायची नाही. काळवीटही कमी पळणारा नाही, आणि अंतर जास्त पडलं तर तो चित्त्याला दमवून निघून जाणार हे चित्तेवानाला पक्कं माहीत असे. त्याचं सगळं कसब टोपी काढण्याच्या त्या अंतरात होतं. रानातला चित्ता हेच काम स्वतः करतो. गवतात दबकत, सावजाने मान खाली घातली की चार पावलं पुढे, वर केली की जागच्या जागी स्तब्ध. झेपेच्या आधी तो जेवढं अंतर चोरून कापतो, तेवढं त्याच्या साठ्यातून वाचतं.

सावजाचीही बाजू आहे. २०१८ मध्ये विल्सन यांच्या गटाने बोत्सवानातच चित्ता-इम्पाला आणि सिंह-झेब्रा या जोड्या अभ्यासल्या. शिकारी सावजापेक्षा वेगात आणि वेग वाढवण्यात ३५ टक्क्यांहून अधिक सरस निघाले, वेग तोडण्यात तर ७० टक्क्यांहून अधिक. सरळ रेषेत इम्पाला वाचूच शकत नाही. म्हणून तो सरळ आणि जिवाच्या आकांताने पळतच नाही. तो वेग थोडा हातात राखतो आणि चित्ता अंगावर आला की एकदम वळतो. कमी वेगात वळण जास्त तीव्र घेता येतं आणि ते कुठल्या बाजूला येणार हे मागच्याला कळत नाही. चित्त्याला प्रत्येक वळणावर ब्रेक लावावा लागतो आणि परत वेग घ्यावा लागतो, आणि दर वेळी साठ्यातून मोठा घास जातो. सरासरी ५३ चा आकडा यातून येतो. ९३ ची ताकद असलेला प्राणी ५३ वर वळणं घेत असतो, कारण वेग सावज ठरवत असतं.

दोन-तीन वळणांत पंजा लागला तर लागला. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचं वरचं नख, जे जमिनीला टेकत नाही आणि म्हणून धारदार राहतं, ते सावजाच्या मांडीत अडकवून तो त्याचा तोल घालवतो आणि गळा धरतो. नाही लागला, तर शेवटच्या ढांगा आखूड होतात आणि तो पाठलाग सोडून देतो. बैलगाडीवरच्या चित्त्याचंही तेच होई. काळवीट निसटलं की तो तिथेच माळावर बसून राही. मग चित्तेवान सावकाश चालत जाई, हाक मारत जवळ बसे आणि त्याची धाप उतरेपर्यंत थांबून टोपी पुन्हा डोळ्यांवर चढवी.